ओटीची हवा: एअर चेंजेस पूर्ण, तरीही दाब शून्य कसा?

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, हवेची तपासणी झाली की अहवाल बहुधा असा येतो: एअर चेंजेस 21.6, पास. हेपा फिल्टर, पास. तापमान 21 अंश, पास. आणि खाली एका ओळीत, दाबाचा फरक 0.4 पास्कल, नापास. डॉक्टर म्हणतात, "सगळं तर पास आहे, हे एक किरकोळ राहिलं." माझ्या मते त्या पानावर सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच असते. हवा ताशी वीस वेळा बदलतेय, छतातून गाळून येतेय, आणि तरीही दाराच्या फटीतून कॉरिडॉरची हवा कधीही आत शिरू शकते. असं होतं कसं, हे एकाच ओटीचा हिशेब शेवटपर्यंत केला की लक्षात येतं.

आपलं ओटी 20 फूट बाय 20 फूट, उंची 10 फूट. म्हणजे 4,000 घनफूट. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या एअर कंडिशनिंगच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ताशी किमान 20 एअर चेंजेस हवेत आणि त्यांतले किमान 4 बाहेरच्या ताज्या हवेचे. वीस वेळा 4,000 म्हणजे तासाला 80,000 घनफूट, साठाने भागलं की मिनिटाला 1,333 घनफूट, म्हणजेच 1,333 सीएफएम. ताजी हवा त्याच रीतीने 267 सीएफएम. हा 267 चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

आधी वीसचा अर्थ. ओटीतले जंतू मुख्यतः माणसांच्या कातडीच्या सूक्ष्म खपल्यांवर बसून हवेत येतात. हालचाल करणारा प्रत्येक माणूस त्या सतत सोडत असतो. हवा नीट मिसळते असं धरलं, तर ताशी 20 बदलांना हवेतले 99 टक्के कण जायला सुमारे 14 मिनिटं लागतात. ताशी 6 बदल असतील तर 46 मिनिटं. हे झालं माणसं बाहेर गेल्यावरचं. ऑपरेशन चालू असताना कण तयार होतच राहतात, त्यामुळे हवेतलं त्यांचं प्रमाण एका पातळीवर स्थिरावतं. ती पातळी माणसांच्या संख्येने वाढते आणि हवेच्या प्रमाणाने घटते. हवा दुप्पट करा किंवा आतली माणसं निम्मी करा, फायदा सारखाच. पंखा मोठा करायला लाखभर रुपये लागतात. बघ्या विद्यार्थ्यांना बाहेर थांबवायला काहीच लागत नाही, पण ते सुचवलेलं सर्जनना फारसं आवडत नाही.

प्रत्यक्षात डिझाइन करताना 1,333 हा आकडा शेवटपर्यंत टिकत नाही, कारण छतातून हवा सोडणारा डिफ्यूझर वेगळी अट घालतो. टेबलावर हवा सरळ खाली, शांतपणे यावी लागते. त्यासाठी टेबलाच्या डोक्यावर लॅमिनार पॅनेल बसवतात आणि त्यातून निघणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला 25 ते 35 फूट ठेवतात. वेग कमी पडला तर दिव्यांची आणि माणसांची ऊब तिला मध्येच अडवते. जास्त झाला तर ती आजूबाजूची अस्वच्छ हवा ओढून घेते, शिवाय जखमेच्या कडा सुकतात. आपल्याकडे पॅनेल 8 फूट बाय 6 फुटांचं आहे, म्हणजे 48 चौरस फूट. मिनिटाला 30 फूट वेग धरला तर 1,440 सीएफएम. ही झाली ताशी 21.6 वेळा हवा. अहवालातला आकडा इथून आला. थोडक्यात, आधी पॅनेलचा आकार आणि वेग ठरवायचा, त्यातून एअर चेंजेस किती येतात ते पाहायचं आणि वीसच्या वर आहेत ना याची खात्री करायची. उलट दिशेने गेलं की वीस पूर्ण होतात, पण हवा भिंतीजवळच्या ग्रिलमधून येते आणि टेबलावर काय चाललंय याचा तिला पत्ताच नसतो. वरून आलेली हवा जमिनीपासून सुमारे सहा इंचांवर, कोपऱ्यांतल्या रिटर्न ग्रिलमधून परत जायला हवी. त्या ग्रिलसमोर सक्शन मशीन किंवा कचऱ्याची बादली लावलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता आत गेलो की आधी कोपरेच बघतो.

सांधेरोपणासाठी आणखी कडक, अतिशुद्ध हवेची व्यवस्था असते, तो वेगळा विषय आहे. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत अशा थिएटरमध्ये खोलवरचा संसर्ग 1.5 टक्क्यांवरून 0.6 टक्क्यांवर आलेला दिसला. मात्र त्यात प्रतिजैविकांचा वापर सगळीकडे सारखा नव्हता. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केवळ संसर्ग टाळण्यासाठी सांधेरोपणात लॅमिनार हवा वापरू नये अशी सशर्त शिफारस केली. हा वाद मिटलेला नाही. आपल्या साध्या ओटीचा प्रश्न मात्र त्याआधीचा आहे.

आता दाब. 1,440 सीएफएम हवा आत येते, पण त्यातली 1,173 सीएफएम ही त्याच खोलीतून रिटर्नने ओढलेली, गाळून परत सोडलेली हवा आहे. कणांच्या दृष्टीने ती ताज्या हवेइतकीच स्वच्छ असते. दाबाच्या दृष्टीने मात्र तिचा उपयोग शून्य, कारण जेवढी काढली तेवढीच परत टाकली. खोलीत जास्तीची हवा फक्त 267 सीएफएमची, बाहेरून आणलेली. ती कुठून तरी बाहेर पडणार, आणि पडते ती दारांच्या फटींतून. फटीतून बाहेर पडताना तिला जो अडथळा होतो, त्यालाच आपण ओटीचा पॉझिटिव्ह दाब म्हणतो.

म्हणून दाब दोनच गोष्टींवर ठरतो: जास्तीची हवा किती आणि फटी किती. त्याचं सूत्र साधं आहे:

```
Q = 0.83 × A × √ΔP
```

Q म्हणजे गळणारी हवा, सेकंदाला किती घनमीटर ते. A म्हणजे फटींचं एकूण क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि ΔP म्हणजे पास्कलमधला दाबाचा फरक. सगळी गंमत त्या वर्गमुळात आहे. दाब चौपट करायचा तर हवा दुप्पट पुरते. पण तीच हवा ठेवून फट दुप्पट झाली, तर दाब निम्मा न होता चौथाईवर येतो.

दाबाची उतरंड आपण अशी ठरवली आहे: बाहेरचा सर्वसाधारण भाग शून्य, ऑपरेशनआधीची खोली म्हणजे प्री-ऑप 5 पास्कल, क्लीन कॉरिडॉर 10 आणि ओटी 20. एनएबीएचची किमान मागणी 2.5 पास्कलची. हा दाब पाण्याच्या पाव मिलिमीटर उंचीएवढा, म्हणजे जवळपास काहीच नाही. कॉरिडॉरचा एसी सुरू झाला, वाऱ्याची झुळूक खिडकीवर आदळली, तरी तेवढा इकडे-तिकडे होतो. म्हणून डिझाइनला दोन खोल्यांमध्ये 8 ते 10 पास्कलचा फरक धरणं शहाणपणाचं. ओटीला दोन दारं आहेत. एक क्लीन कॉरिडॉरकडचं दुहेरी, 5 फूट बाय 7 फूट. दुसरं वापरलेलं सामान बाहेर न्यायचं एकेरी, 3 फूट बाय 7 फूट, जे शून्य दाबाच्या डर्टी कॉरिडॉरमध्ये उघडतं.

सुताराने दारं चांगली बसवली आहेत, चारी बाजूंनी आणि दुहेरी दाराच्या मधल्या सांध्यातही 3 मिलिमीटर फट, असं धरू. मोठ्या दारावर 10 पास्कलचा फरक ठेवायला 157 सीएफएम लागतात. लहान दारावर 20 पास्कलचा फरक आहे, तिथे 144. एकूण 301. आपल्याकडे 267 आहेत. म्हणजे 20 पास्कल मिळणार नाहीत, ओटी साधारण 17 वर थांबेल. कॉरिडॉरपेक्षा 7 पास्कल वर. चालेल.

आता दारांचा वापर सुरू होतो. ट्रॉली आदळून दार थोडं खाली बसतं, रबर झिजतं, मावशी फरशी पुसताना खालचा ब्रश उखडतो. सरासरी फट 3 वरून 6 मिलिमीटर झाली. पंखा तोच, फिल्टर तेच, 267 सीएफएम तेच. आता ओटीचा दाब येतो 10.4 पास्कल. कॉरिडॉर 10 वर आहेच. फरक 0.4. सुरुवातीचा अहवाल हाच. एअर चेंजेस 21.6 च आहेत, कारण पॅनेलवर हवा मोजणाऱ्याला दाराच्या फटीशी देणंघेणं नसतं. 0.4 पास्कलचा फरक कोणी दार ढकललं तरी पुसला जातो.

उलट बाजूही पाहू. बजेट असेल तर हर्मेटिक, म्हणजे घट्ट बसणारं, दार लावतात, फट 1 मिलिमीटरच्या आसपास. मग ठरवलेल्या 20 पास्कलला फक्त 100 सीएफएम लागतात. उरलेल्या 167 चं करायचं काय? त्यांना वाट दिली नाही, तर दाब कागदावर 100 पास्कलपर्यंत चढतो. एकेरी दारावर तेव्हा सुमारे 20 किलोचा जोर असतो, म्हणजे कडीपाशी 10 किलो. सिस्टर दार ढकलून ढकलून वैतागतात आणि शेवटी ते विटेने उघडं ठेवतात. म्हणून घट्ट दारांच्या ओटीत रिलीफ डँपर लागतो, जो ठरलेल्या दाबावर उघडून जास्तीची हवा सोडून देतो. महागडं दार घेऊन डँपर विसरणं ही आपल्याकडची नेहमीची काटकसर आहे.

आणि दार पूर्ण उघडलं की हिशेब संपला. 35 चौरस फुटांच्या उघड्या दारातून 267 सीएफएम हवा मिनिटाला जेमतेम साडेसात फूट वेगाने सरकते. ओटी कॉरिडॉरपेक्षा दोन-तीन अंश थंड असेल, तर खालून थंड हवा बाहेर जाते आणि वरून गरम हवा आत येते. दाबाची उतरंड तेवढ्या वेळापुरती अस्तित्वातच नसते. ती बंद दारांसाठी आहे. मध्ये एअरलॉक किंवा प्री-ऑप ठेवतात ते म्हणूनच, एका वेळी एकच दार उघडावं यासाठी.

फिल्टरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण त्याची चिंता लोक आधीच गरजेपेक्षा जास्त करतात. हवा थंड करून ओटीत ढकलणाऱ्या यंत्रात, म्हणजे एएचयूमध्ये, आधी धुता येणारे प्रीफिल्टर, मग बारीक फिल्टर आणि छतात पॅनेलच्या वर हेपा. हेपाची क्षमता 0.3 मायक्रॉनच्या कणांवर मोजतात, 99.97 टक्के. तोच आकार का? कारण मोठे कण धाग्यांवर आदळतात, अगदी लहान कण हवेत भरकटत धाग्यांना चिकटतात आणि मधले या दोन्हींतून सर्वांत सहज निसटतात. जंतू वाहून नेणाऱ्या खपल्या मात्र साधारण 10 मायक्रॉन किंवा त्याहून मोठ्या असतात. त्या फिल्टरच्या कागदातून जाणं जवळपास अशक्य. त्या निसटतात त्या कागदाच्या बाजूने: चौकट आणि छत यांच्यामधलं गॅस्केट दबलेलं नसेल, फिल्टर बसवताना स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं असेल, तिथून. म्हणून चाचणीत फिल्टरच्या वर पीएओ तेलाचं धुकं सोडतात आणि खालच्या बाजूने मापकाची नळी इंच इंच फिरवतात, सगळ्यात सावकाश कडांवर. वरच्या धुक्याच्या 0.01 टक्क्यापेक्षा जास्त कुठे सापडलं की गळती धरतात. अहवालात फक्त "हेपा ओके" लिहिलंय आणि कोणत्या कोपऱ्यात किती आलं ते नाही, तर त्या माणसाने कडा फिरवल्या नसण्याचीच शक्यता जास्त.

दाबाच्याच कारणासाठी ओटीत विंडो किंवा स्प्लिट एसी चालत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी हवा जवळपास आणतच नाही, म्हणजे दाबाला काही मदत नाही. आणि त्याच्या ओल्या कॉइलवर जे वाढतं ते थेट टेबलाच्या दिशेने फेकतो.

आता 267 कडे परत. कोकणात पावसाळ्यात बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असते. एका किलो हवेत सुमारे 23 ग्रॅम पाणी. ओटीत आपल्याला 21 अंश आणि 55 टक्के हवंय, म्हणजे साडेआठ ग्रॅम. फरक साडेचौदा ग्रॅमचा. 267 सीएफएम हवेतून एवढं पाणी काढायचं तर तासाला सुमारे 7 लिटर पाणी कॉइलवर थेंब धरून ट्रेमध्ये पडायला हवं. त्यासाठी हवा 11 अंशांच्या आसपास थंड करावी लागते, कारण ओटीच्या हवेचा दवबिंदू साडेअकरा अंशांवर आहे. आणि मग ती पुन्हा थोडी तापवायची, नाहीतर भूलतज्ज्ञ कुडकुडतात आणि रुग्णही गारठतो. थंड करून पुन्हा तापवणं हा उधळेपणा वाटतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी हीटर बसवतच नाहीत, किंवा बसवलेला बंद ठेवतात. मग थर्मोस्टॅटला 21 अंश मिळाले की कॉम्प्रेसर थांबतो, कॉइल गरम होतं आणि पाणी हवेतच राहतं. आर्द्रता 70 च्या पुढे. फरशी निसरडी, भिंतीच्या सांध्यात काळे ठिपके.

इथेच खरा घोळ होतो. तक्रार येते "ओटीत दमट वाटतंय." एएचयू सांभाळणारा मुलगा हुशार असतो. त्याला ठाऊक असतं की ओल बाहेरच्या हवेतून येते. तो वर जाऊन ताज्या हवेची झडप, म्हणजे फ्रेश एअरचा डँपर, बंद करतो. तासाभरात आर्द्रता उतरते. सर्जन खूश, मुलगा खूश, विजेचं बिलही कमी. आणि 267 चं झालं शून्य. रिटर्न आता 1,440 च ओढतोय, पॅनेलमधून 1,440 च येतेय, म्हणून एअर चेंजेस 21.6. हेपा पास. ओटीचा स्वतःचा दाब मात्र उरलेला नाही, उलट 10 पास्कलवरच्या क्लीन कॉरिडॉरची हवा आत येऊ लागते. रिटर्न डक्टला कुठे गळती असेल आणि ती डर्टी कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगमधून जात असेल, तर एएचयू तिथली हवा ओढत राहतो.

दाब पडलेला दिसला की मी आधी पॅनेलखाली वेग मोजतो. वेग कमी असेल तर दोष हवेच्या पुरवठ्यात. मग हेपावरचा दाब बघायचा. तो वाढलेला असेल तर हेपा भरलाय. तोही कमी असेल, तर हवा हेपापर्यंत पोचतच नाही: प्रीफिल्टर तुंबलाय, पंख्याचा पट्टा सैल झालाय किंवा आगीसाठीचा फायर डँपर पडून बंद झालाय. वेग ठीक आणि तरीही दाब नाही, तर दोनच शक्यता: फटी वाढल्या किंवा ताजी हवा थांबली. या दोन वेगळ्या करायला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी पुरते. दारं बंद करून ती दाराच्या खालच्या फटीपाशी धरायची. पट्टी ओटीकडून बाहेर ठामपणे उडत असेल आणि मीटर तरी कमी दाखवत असेल, तर हवा येतेय पण फट मोठी आहे. पट्टी नुसती लोंबकळत असेल किंवा आत ओढली जात असेल, तर सरळ एएचयू रूममध्ये जाऊन डँपरच्या हँडलकडे पाहायचं. पावसाळ्यात ते बहुतेक वेळा बंदच सापडतं. फॉल्स सीलिंगवरही एक नजर टाकायची. छतातून लोंबणारं पेंडंट आणि गॅसच्या नळ्या यांच्यासाठी छतात पाडलेली भोकं सिलिकॉनने बुजवलेली नसतील, तर दाराच्या फटीइतकीच गळती वर असते आणि ती कोणाला दिसत नाही.

डँपर उघडून मुलाला दटावण्यात काही अर्थ नाही. ओल काढणारी व्यवस्था दिली नाही, तर तो पुढच्या आठवड्यात पुन्हा बंद करेल आणि त्याच्या जागी मीही करेन. हीटर सुरू करायचा. त्याने जमत नसेल, तर ताजी हवा आधी वेगळ्या लहान युनिटमध्ये कोरडी करून मग एएचयूला द्यायची, म्हणजे ते 7 लिटर पाणी तिथेच पडतं. त्यानंतर डँपरची जागा ठरवून हँडलला बोल्ट मारायचा आणि त्या जागेवर रंगाची खूण करायची.

रात्रीचं एक राहिलं. ऑपरेशन नसताना एएचयू बंद करू नये. हवा पाव पटीपर्यंत उतरवायला एनएबीएच मुभा देते, पण पॉझिटिव्ह दाब टिकला पाहिजे या अटीवर. पंख्याचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीवर 25 टक्के लावून घरी जाणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. 1,440 चे 360 झाले, तशी ताजी हवाही 267 वरून 67 झाली. फटी त्याच आहेत. कॉरिडॉरची हवाही तशीच उतरवली असेल, तर हवा चौथाई म्हणजे दाब सोळावा हिस्सा, 17 चा जेमतेम एक. म्हणून रात्री पंखा उतरवताना रिटर्नचा डँपर आवळावा लागतो आणि ताज्या हवेचा तसाच उघडा ठेवावा लागतो, इतका की त्या 360 मधली 267 बाहेरचीच असेल. पावसाळ्याच्या रात्री याचा अर्थ कॉम्प्रेसर आणि हीटर दोन्ही चालू राहणार. हे बिल प्रकल्पाच्या पहिल्या कागदावरच धरलेलं असावं लागतं, नंतर ते कोणीच मंजूर करत नाही.